सुपरमार्केटच्या गल्लीचे चित्र: किंमत कुठपर्यंत वाचता येते आणि गिऱ्हाईक कुठे उभे करावे

प्रश्न: मी लातूरला इंटिरिअर व्हिज्युअलायझेशनची कामे करतो. मराठवाड्यातल्या एका किराणा साखळीला उदगीरच्या नव्या दुकानातल्या एका गल्लीचे चित्र हवे आहे. ब्लेंडरमध्ये रॅक, माल, किंमतपट्ट्या, माणसे सगळे बसवले आहे. पण मालक म्हणतात की किमती वाचता येत नाहीत आणि गिऱ्हाईक पुतळ्यासारखे दिसते. टॅगचे टेक्स्चर ४०९६ चे केले, रिझोल्युशनही वाढवून पाहिले. फरक पडला नाही, उलट मेमरी संपते. गल्ली १.८ मीटर रुंद आणि १०.८ मीटर लांब आहे, कॅमेरा मधोमध आहे. नेमके काय बदलू?

उत्तर: कॅमेऱ्याची जागा बदला, आणि ती बदलण्यापूर्वी मालकांना एक प्रश्न विचारा: या चित्रात कोणत्या एका रॅकच्या किमती वाचता यायला हव्यात? गल्लीच्या लांबीकडे पाहणाऱ्या ३८४० पिक्सेल रुंद चित्रात ९० सेंटीमीटरच्या सव्वा रॅकपेक्षा जास्त भागातल्या पट्टीवरच्या किमती वाचनीय होतच नाहीत. टेक्स्चर कितीही मोठे केले तरी हे बदलत नाही, कारण अडचण टेक्स्चरची नसून कोनाची आहे.

किंमतपट्टी फळीच्या कडेला असते आणि तिचे तोंड समोरच्या रॅककडे असते. आपला कॅमेरा मात्र गल्लीच्या लांबीकडे पाहतो, त्यामुळे प्रत्येक टॅग तिरका दिसतो आणि जसजसा दूर जातो तसतसा आणखी तिरका होत जातो. अंकाची उंची अंतराच्या प्रमाणात घटते, पण रुंदी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. कॅमेरा गल्लीला समांतर असताना हिशेब असा होतो:

```
उंची (px)  = W × f × h / (S × z)
रुंदी (px) = W × f × w × x / (S × z²)
```

यात `W` म्हणजे चित्राची रुंदी पिक्सेलमध्ये, `f` लेन्सची फोकल लेंग्थ, `S` सेन्सरची रुंदी, `h` आणि `w` अंकाची खरी उंची व रुंदी, `x` कॅमेऱ्यापासून रॅकच्या तोंडापर्यंतचे आडवे अंतर आणि `z` गल्लीच्या दिशेने अंतर. आपला कॅमेरा मधोमध असल्याने `x` ०.९ मीटर आहे. लेन्स २४ मिमी, सेन्सर ३६ मिमी आणि चित्र ३८४० पिक्सेल रुंद धरू. पट्टीची उंची साधारण ३९ मिमी असते. तीत विक्रीच्या किमतीचा अंक १८ मिमी उंच आणि १० मिमी रुंद बसतो.

रॅक चौकटीत शिरतो तो १.२ मीटरवर, आणि तिथे अंक ३८ पिक्सेल उंच व १६ पिक्सेल रुंद दिसतो. दोन मीटरवर त्याची उंची २३ पिक्सेल उरते, पण रुंदी सहाच्याही खाली येते. चार मीटरवर उंची अजून ११ पिक्सेलच्या वर असते आणि रुंदी दीड पिक्सेलही नसते. माझ्या अनुभवात सहा पिक्सेलपेक्षा अरुंद अंक वाचता येत नाही. ३ आणि ८ किंवा १ आणि ७ यांतला फरक तिथे पुसला जातो. म्हणजे आपल्या चित्रात वाचनीय भाग १.२ मीटरवर सुरू होतो आणि दोन मीटरच्या आत संपतो. १०.८ मीटरच्या गल्लीत पाऊण मीटर.

रिझोल्युशन वाढवून फरक का पडला नाही, तेही यातच दिसते. चित्र ७६८० पिक्सेल रुंद केले, म्हणजे एकूण पिक्सेल चौपट केले, तरी वाचनीय सीमा दोन मीटरवरून फक्त २.८ मीटरच्या आसपास सरकते. रेंडरचा वेळ चौपट होतो आणि हाती एक रॅकसुद्धा लागत नाही.

आता कॅमेरा डाव्या रॅकपासून ४० सेंटीमीटरवर न्या आणि उजवीकडे २० अंश वळवा. उजवा रॅक आता १.४ मीटर दूर असल्यामुळे तो कमी तिरका दिसतो, आणि कॅमेरा वळल्यामुळे तो चौकटीत १.२ ऐवजी ०.९ मीटरवरच येतो. दीड मीटरवर अंक सुमारे १० पिक्सेल रुंद मिळतो, दोन मीटरवर सहाच्या थोडा वर. वाचनीय भाग पाऊण मीटरवरून सुमारे १.१५ मीटर होतो, म्हणजे ९० सेंटीमीटरच्या एका पूर्ण रॅकला पुरून थोडा उरतो. नुसता कॅमेरा सरकवला आणि वळवला नाही, तर उलट तोटा होतो, कारण तेव्हा उजवा रॅक चौकटीत १.८७ मीटरवर येतो आणि वाचनीय भाग मधोमध कॅमेऱ्यापेक्षाही कमी उरतो. दोन्ही बदल एकत्रच करायचे. या मांडणीत गल्लीच्या दोन्ही बाजू दूरवर जिथे मिळताना दिसतात तो बिंदू चित्राच्या डाव्या कडेपासून सुमारे एक चतुर्थांशावर येतो, त्यामुळे खोलीही दिसते आणि उजवीकडचा रॅक नायक ठरतो.

कॅमेरा वर-खाली अजिबात झुकवू नका. त्याचे X भोवतीचे वळण बरोबर ९० अंश ठेवा, नाहीतर रॅकचे उभे खांब वर किंवा खाली एकमेकांकडे झुकतात, आणि हा दोष रॅक पुरवणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. खालच्या फळ्या अधिक दिसाव्यात म्हणून `Shift Y` ला `-0.1` द्या. कॅमेऱ्याची उंची १.४५ मीटर ठेवा. ती का, हे गिऱ्हाइकांच्या भागात येईल.

मालकांना विचारायच्या प्रश्नाकडे वळतो. वाचनीय रॅक एकच असेल तर तो कोणता, हे व्हिज्युअलायझरने आपल्या मनाने ठरवू नये. माझा सल्ला विचारलात, तर ज्या वस्तूचा भाव गिऱ्हाइकाला तोंडपाठ असतो तो रॅक घ्यावा: तूरडाळ, साखर, शेंगदाणे, खाद्यतेल. शाम्पूची किंमत पाहून कोणी दुकानाबद्दल मत बनवत नाही, तूरडाळीच्या भावावरून बनवतो. आणि लातूर म्हणजे डाळ मिलांचा गाव असल्याने तिथल्या माणसाला डाळीच्या पाकिटातली डाळ खरी वाटते की नाही हे एका नजरेत कळते. तेव्हा मेहनत तिथे करा आणि मागच्या दहा रॅकवर करू नका.

बाकीच्या गल्लीत किमती दिसायलाच नकोत का? दिसाव्यात, पण दुसऱ्या मार्गाने. दुकानदारांनी ही कोनाची अडचण फार पूर्वी सोडवलेली आहे. फळीच्या कडेला काटकोनात बाहेर आलेली छोटी पाटी आपण पाहिली असेल, ‘ऑफर’ लिहिलेली, गल्लीतून चालत येणाऱ्याकडे तोंड असलेली. तिचे तोंड कॅमेऱ्याकडेच असल्याने ती तिरकी होत नाही आणि फक्त अंतराच्या प्रमाणात लहान होते. तिच्यावर ५० मिमी उंच आणि २८ मिमी रुंद अंक घेतला, तर सहा मीटरवर तो २१ पिक्सेल उंच आणि १२ पिक्सेल रुंद दिसतो. गल्लीच्या टोकाशी, दहा मीटरवरही सातएक पिक्सेलची रुंदी उरते. म्हणून चित्रात किमतीचे तीन पट्टे मानावेत. दोन मीटरपर्यंत पट्टीवरचे टॅग वाचायला द्यावेत. त्यापुढे आडव्या पाट्यांनी किमती सांगाव्यात आणि पट्टी केवळ पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांची सलग रेघ म्हणून दिसावी. छताला टांगलेला फलक, ‘डाळी व कडधान्ये’ असा, गल्लीच्या तोंडाशी असावा. पण आडव्या पाट्या सगळीकडे लावू नका. गल्लीच्या एका बाजूला चार-पाच पुरेत, तेवढ्या खऱ्या दुकानातही असतात, आणि साखळी तशा पाट्या वापरत असेल तरच लावाव्यात. मालक चित्र पाहून ‘ही पाटी कोणी सांगितली?’ असे विचारू शकतात, आणि तो प्रश्न रास्त असेल.

टेक्स्चरच्या मेमरीचा हिशेब आता सोपा होतो. बारा रॅक, दोन बाजू, प्रत्येकी पाच फळ्या, फळीवर सरासरी पाच वस्तू धरल्या तर सहाशे टॅग होतात. यातले वाचनीय भागात आणि त्याच्या लगत येणारे शंभराहून अधिक नाहीत. ४०९६ च्या एकाच प्रतिमेत ५१२ × २५६ चे १२८ चौकोन बसतात. शंभर टॅग त्यात मांडा आणि प्रत्येक टॅगला त्याचा चौकोन नेमून द्या. उरलेल्या पाचशेंसाठी वीसएक वेगवेगळे टॅग आलटून-पालटून वापरले तरी चालते, कारण तिथे अंक वाचलेच जात नाहीत. मालाचेही तसेच आहे. ४०९६ चे एक टेक्स्चर चार चॅनेलसह उघडल्यावर ६४ एमबी घेते, आणि तीनशे वस्तूंना ते दिले तर जवळजवळ १९ जीबी होतात. आपली मेमरी तिथेच संपली असणार. दीड मीटरवर पाव मीटर उंचीचे पाकीट चित्रात साडेचारशे पिक्सेलपेक्षा जास्त जागा घेत नाही, म्हणून १०२४ चे टेक्स्चर पुरते. ते ४ एमबीचे असते आणि तीनशे वस्तू १.२ जीबीत बसतात.

टॅग स्वतः कसा असावा, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण वाचता येऊ लागताच चुका दिसू लागतात. मराठी मजकूर ब्लेंडरच्या मजकूर-वस्तूत टाइप करू नका. मी वापरलेल्या आवृत्त्यांत देवनागरीची जोडणी तिथे नीट होत नाही. ‘किलो’तली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे सुटी पडतात. टॅग इंकस्केपमध्ये तयार करून प्रतिमा म्हणून आणावेत. टॅगवर छापील किंमत, दुकानाची किंमत आणि बचत हे तीन आकडे असतील तर त्यांची वजाबाकी जुळली पाहिजे. एमआरपी १८० रुपये, आमची किंमत १६४ रुपये, बचत १६ रुपये. बचत वीस लिहिली गेली तर बैठकीत सर्वांत आधी तीच दिसते. दुकानाची किंमत छापील किमतीपेक्षा जास्त तर कधीच नको, कारण वेष्टनबंद मालाच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार छापील किंमत सर्व करांसह असते आणि तिच्याहून जास्त दराने विकता येत नाही.

किमती एका साध्या तक्त्यात ठेवा आणि टॅगच्या प्रतिमा त्यावरून तयार होतील अशी सोय करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा साबण, टूथपेस्ट, बिस्किटे अशा कितीतरी वस्तूंच्या किमती एका दिवसात बदलल्या. तेव्हा ज्यांच्या फाइलमध्ये अंक हाताने रंगवलेले होते, त्यांना प्रत्येक टॅग पुन्हा करावा लागला. तक्ता असेल तर एकच प्रतिमा बदलते.

टॅग कोणत्या वस्तूचा आहे, हेही कळले पाहिजे. पुष्कळ दुकानांत टॅग त्या वस्तूच्या डाव्या कडेखाली लावतात आणि पुढच्या टॅगपर्यंतचा माल त्याचा मानतात. आपल्या साखळीची पद्धत विचारून घ्या आणि सगळीकडे तीच पाळा. तूरडाळीखाली मूगडाळीचा टॅग आला, तर किंमत वाचता येऊनही उपयोग नाही.

पट्टीवर पारदर्शक प्लास्टिकचे झाकण असते. ते वेगळ्या काचेसारख्या पत्र्याने दाखवू नका. टॅगच्याच मटेरियलला वरून चकाकीचा पातळ थर द्या. अंक स्वच्छ राहतात आणि रेंडर हलके होते. टॅगचा पांढरा रंग पूर्ण पांढरा न ठेवता ०.८ च्या आसपास ठेवा. ब्लेंडर ४.० पासून `View Transform` मध्ये `AgX` आपोआप निवडलेले असते. त्यात पांढरे राखाडीकडे झुकते आणि पाकिटांचे छापील रंग फिके पडतात. उत्पादनांचे रंग ओळखू यावे लागतात अशा चित्रात मी `Standard` निवडतो आणि प्रकाश बेताचा ठेवतो, म्हणजे छताचे दिवे फुटत नाहीत. सॅम्पल फार कमी ठेवून सगळा भार डीनॉइझवर टाकू नका. तो मोठ्या पृष्ठभागांवर उत्तम चालतो, पण सहा पिक्सेलच्या अंकाला डाग समजून सारवून टाकतो. वाचनीय रॅकचा तेवढा चौकोन जास्त सॅम्पलने वेगळा रेंडर करून वर बसवणे हा स्वस्त उपाय आहे.

रॅकविषयी फार लिहीत नाही, दोनच गोष्टी सांगतो. फळ्या खांबाच्या खाचांत अडकतात आणि खाचा ठरावीक अंतरावर असतात, अनेक रॅकांत दर ५० मिलिमीटरला. त्यामुळे फळ्यांची उंची ५०० किंवा ८५० असू शकते, ८३५ असू शकत नाही. आपल्या रॅकच्या कॅटलॉगमधून हे अंतर घ्या. दुसरे म्हणजे तळाची फळी वरच्यांपेक्षा सुमारे दहा सेंटीमीटर बाहेर येते आणि तिची किंमतपट्टी वरच्या दिशेला कललेली असते, उभ्या माणसाला वाचता यावी म्हणून. ती सरळ उभी ठेवली तर ती पट्टी चित्रात काळसर दिसते. तळाला जड माल, तेलाचे डबे आणि दहा किलोची पिठाची पोती. वर हलका माल.

मालाची पाकिटे `Instance on Points` ने पसरा, पण डाळीचे एकच पाकीट शंभरदा वापरले तर सगळ्या पाकिटांवर चुरगळ्या त्याच त्या जागी दिसतात आणि डोळा ते लगेच पकडतो. चार-पाच वेगवेगळी चुरगळलेली पाकिटे करा, `Pick Instance` लावा आणि प्रत्येकाला दोन-तीन अंशांपर्यंत वळण द्या. वाचनीय रॅकमध्ये एका वस्तूच्या पुढच्या रांगेतले एक पाकीट काढून ठेवा. मागचे पाकीट आणि त्याच्यापुढची रिकामी फळी दिसली की कोणीतरी माल उचलून नेला हे कळते. हे एकाच जागी करा. तीन जागी केले तर दुकानात माल नाही असे मालकांना वाटेल.

आता गिऱ्हाईक. ते पुतळ्यासारखे दिसते, याचे पहिले कारण बहुधा त्याची उंची असते. तयार मॉडेल बहुतांशी परदेशी मापाची, पावणेसहा फुटांच्या पुढची असतात. आपल्याकडे प्रौढ स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटीमीटरच्या आसपास आणि पुरुषाची १६५ च्या आसपास आहे. १.८ मीटर उंचीच्या रॅकजवळ १८० सेंटीमीटरची बाई उभी केली की रॅक बुटका वाटतो, वरची फळी तिच्या डोक्याशी येते आणि पाहणाऱ्याला काय बिघडले ते न कळताच काहीतरी बिघडल्यासारखे वाटते. उदगीरच्या दुकानात त्या फळीवरचे पाकीट काढायला बाईला हात पूर्ण वर करावा लागतो, कधी टाचा उचलाव्या लागतात. ही खरी गोष्ट आहे आणि ती चित्रात आली तर चित्र जिवंत होते.

उंची तपासण्याची एक पक्की रीत आहे. कॅमेरा झुकवलेला नसेल तर क्षितिजरेषा कॅमेऱ्याच्या उंचीवर असते, आणि त्याच उंचीचे सगळे बिंदू, जवळचे असोत वा दूरचे, चित्रात त्याच रेषेवर पडतात. डोळे माथ्यापासून दहा-अकरा सेंटीमीटर खाली असतात, म्हणून १५२ सेंटीमीटरच्या बाईचे डोळे १.४१ मीटरवर येतात. कॅमेरा १.४५ वर ठेवला की गल्लीतल्या अशा प्रत्येक बाईचे डोळे, ती दोन मीटरवर असो की नऊ मीटरवर, रेषेच्या किंचित खाली दिसतात, आणि पुरुषाचे थोडे वर. ३८४० × २१६० च्या चित्रात `Shift Y` उणे ०.१ असताना ही रेषा वरून सुमारे ७०० पिक्सेलवर येते. तिथे एक आडवी रेघ ओढून पाहा. ज्याचे डोळे तिच्यापासून फार दूर गेले, तो माणूस मापात चुकला आहे किंवा त्याचे पाय जमिनीत गेले आहेत किंवा तो हवेत आहे. लहान मूल आणि खाली वाकलेला माणूस तेवढे अपवाद.

दुसरे कारण म्हणजे माणसे नुसती उभी असतात. सुपरमार्केटच्या गल्लीत कोणी नुसते उभे नसते. कोणीतरी काहीतरी शोधत, उचलत, वाचत, ढकलत किंवा वाट पाहत असते. तेव्हा आधी काम ठरवा, मग माणूस निवडा. वाचनीय रॅक उजवीकडे ०.९ ते दोन मीटरच्या दरम्यान आहे. मुख्य गिऱ्हाईक त्याच्या लगेच पुढे, सव्वादोन ते अडीच मीटरवर उभे करा: साडीतली पस्तीस-चाळिशीची बाई, रॅककडे वळलेली, फळीपासून हातभर अंतरावर, एका हातात डाळीचे पाकीट आणि नजर पट्टीवरच्या टॅगवर. नजर नेमकी कुठे आहे ते तपासायला डोळ्यांपासून टॅगपर्यंत तात्पुरती रेघ ओढा. डोके त्या रेघेकडे वळलेले नसेल तर ती शून्यात पाहत असल्यासारखी वाटते. पुतळेपणा म्हणतात तो बहुतेक वेळा इथून येतो. या जागेचा आणखी एक फायदा असा, की तिच्या खांद्यामागे अंक वाचनीय नसलेला बराच भाग झाकला जातो, आणि वाचनीय टॅगवरून धूसर टॅगकडे जाणारा बदल सहसा लक्षात येत नाही.

तिचा हात पाकिटाला खरोखर लागलेला असावा. जवळच्या माणसाच्या बोटांत आणि वस्तूत अर्ध्या सेंटीमीटरची फट असली तरी दिसते. पाकीट उचललेले असेल तर ते चुरगळलेले आणि डाळ खाली साचलेली असावी. फळीवर ठेवलेल्या पाकिटाचेच मॉडेल हातात दिले तर ते लाकडी वाटते. ट्रॉली तिच्या आणि फळीच्या मध्ये ठेवू नका, बाजूला ठेवा.

तिच्यापुढे चार-पाच माणसे पुरेत आणि ती सारख्या अंतरावर नकोत. आपल्याकडे किराण्याला माणसे कुटुंबाने येतात. चार मीटरवर नवरा ट्रॉलीच्या दांड्यावर कोपरे टेकून मोबाइल पाहत असेल, त्याच ट्रॉलीला धरून शाळेच्या गणवेशातले मूल असेल. सहा-सात मीटरवर पांढरी टोपी घातलेले आजोबा खालच्या फळीकडे वाकलेले, आणि टोकाशी कुर्ता घातलेली मुलगी वळणावर. मराठवाड्यात स्कूटीवरून येणाऱ्या मुलींनी उन्हासाठी चेहऱ्याला गुंडाळलेला स्कार्फ दुकानात आल्यावर सोडून गळ्यात घेतलेला असतो. एवढ्या एका गोष्टीने जागा ओळखू येते. खांद्यावर मोठ्या पिशव्या मात्र देऊ नका. अशा दुकानांत त्या दाराशी जमा कराव्या लागतात, गल्लीत माणसाकडे छोटी पर्स किंवा फोन असतो. पायांत चपला. कोट आणि बूट घातलेली तयार मॉडेल काढून टाका, ती कितीही चांगल्या प्रतीची असली तरी.

साडीतले तयार त्रिमितीय मॉडेल चांगले मिळणे कठीण असते आणि साडीच्या निऱ्यांचे कापड सिम्युलेशनने नीट बसवण्यात फार वेळ जातो. त्याऐवजी संमती घेऊन, साखळीच्याच एखाद्या चालू दुकानात, ओळखीच्या माणसांचे फोटो काढावेत. कॅमेरा त्याच १.४५ मीटर उंचीवर हवा, अंतर आणि कोन चित्रात त्या माणसाला जो असेल तोच हवा, आणि प्रकाश छताच्या दिव्यांचा हवा. दूर उभे राहून झूमने काढलेला फोटो जवळच्या माणसासाठी वापरला तर पायांकडचा कोन जमिनीशी जुळत नाही आणि माणूस चिकटवल्यासारखा दिसतो. पाच मीटरपुढे एवढी काटेकोरता नको, तिथे सपाट फोटो सहज खपतात. फक्त पायाखालची सावली आणि चकचकीत फरशीतले पुसट प्रतिबिंब आठवणीने द्यावे; ते नसेल तर माणूस तरंगतो.

मालकांची तक्रार किमतींचीच असेल, तर या चित्राबरोबर दुसरे एक चित्र द्यावे असे मी सुचवीन. कॅमेरा डाव्या रॅकजवळ ठेवून सरळ उजव्या रॅकसमोर धरा. दीड मीटरवरून २४ मिमीच्या लेन्समध्ये सव्वादोन मीटर रुंदी, म्हणजे अडीच रॅक मावतात, आणि पट्टीवरचा प्रत्येक अंक सारखाच १७ पिक्सेल रुंद दिसतो. डावा रॅक कॅमेऱ्याच्या मागे असल्याने चौकटीत येत नाही, पण त्याची सावली आणि प्रतिबिंब राहू द्या. गल्लीचे चित्र दुकान कसे वाटेल ते दाखवते आणि हे दुसरे चित्र किंमतपट्टी कशी लागेल ते दाखवते. एकाच चित्राकडून दोन्ही मागितले की दोन्ही अर्धवट राहतात, हे मालकांना वरच्या आकड्यांसह सांगितले तर ते ऐकतात.

शेवटी पाठवण्याविषयी. मालक चित्र पहिल्यांदा फोनवर पाहणार, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवले की त्याचा आकार बराच लहान होतो. सहा पिक्सेलचा अंक त्यात दोन-तीन पिक्सेलचा उरतो आणि ‘किमती दिसत नाहीत’ ही तक्रार परत येते. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा ए३ कागदावर छापून न्या; त्या आकारात ३८४० पिक्सेलचे चित्र इंचाला २३० पिक्सेलच्या आसपास बसते आणि वाचनीय रॅकचे अंक हातात धरून वाचता येतात.